मदत हवी आहे: ग्रुप एफिशियन्सी १.४३ येतेय, मग सेटलमेंट टेस्टइतकंच धरू का?

चिखलमाती: नमस्कार मंडळी. कोचीजवळ पाण्याच्या टाकीचा पाया आहे. वरून २० मीटर मऊ सागरी क्ले, खाली घट्ट वाळू. ५०० मिमी व्यासाचे, १५ मीटर लांब १६ बोअर्ड पाईल, ४×४ मांडणी, मध्यापासून मध्यापर्यंत १.५ मीटर. क्लेची अनड्रेन्ड ताकद सरासरी ३० किलोपास्कल, अल्फा ०.९ धरला. एका पाईलची अंतिम क्षमता सुमारे ६९० किलोन्यूटन, म्हणजे सोळांची ११,०००. पूर्ण ग्रुप ५×५ मीटरचा ब्लॉक धरला तर १५,७५०. भागाकार १.४३. प्रत्येक पाईलवर २५० किलोन्यूटन येणार आहेत आणि लोड टेस्टमध्ये तेवढ्या भाराला ३ मिमी खचला. ठेकेदार म्हणतो, अंतर १ मीटर करा, कॅप लहान होईल. करू का? आणि टाकी ३ मिमीच खचेल ना?

पाया_पक्का: १.४३ विसरा. कॉन्व्हर्स-लाबार सूत्रात घालून बघा, तुमच्या मांडणीला ०.६९ येतं. एका पाईलची क्षमता तेवढ्याने कमी करा, काम झालं.

खाडीकाठ: ठाणे खाडीजवळच्या आमच्या कामात पाईल बेसाल्टमध्ये सॉकेट केले होते. ग्रुपसाठी काहीच कपात केली नाही, अजून एक तडा नाही. उगाच घाबरू नका.

रेवाळे: खाडीकाठ, तुमचे पाईल खडकावर टेकलेले, टोकाखाली दबायला काही नाही. इथे टोकाखाली ५ मीटर क्ले शिल्लक आहे, म्हणून तो अनुभव इथे लागू होत नाही.

पाया_पक्का, पाईल जवळ आले की हात आखडता घ्यावा, हे बरोबर. पण त्या सूत्राला व्यास, अंतर आणि संख्या एवढंच कळतं. माती क्ले आहे की वाळू, पाईल ५ मीटर की २५, हे त्यात कुठेच नाही. क्लेमध्ये सुट्या पाईलची आणि पूर्ण ब्लॉकची अशा दोन बेरजा करून लहान असेल ती घ्यायची.

चिखलमाती, १.५ मीटर अंतराला सोळा सुट्या पाईलची बेरीज लहान आहे, म्हणून क्षमता ११,०००. १.४३ चा अर्थ एवढाच की ब्लॉक आधी फुटणार नाही. जास्तीची ताकद त्यातून मिळत नाही. आता अंतर १ मीटर करा. ब्लॉकची बाजू ३.५ मीटर होते. चारी बाजूंवर माती मातीवरच घसरते, म्हणून तिथे अल्फा नको, पूर्ण ३० घ्या: १४ × १५ × ३० = ६,३००. तळ ९ × ३० × १२.२५ = ३,३०० च्या आसपास. एकूण ९,६००. आता पाईल आणि मधली माती एकसंध खाली जाण्याचा धोका आधी येतो. ४,००० च्या भाराला सुरक्षा गुणांक २.४ उरतो. शिवाय आयएस २९११ घर्षण पाईलना किमान तीन व्यास अंतर मागतं. ठेकेदाराला नाही म्हणा.

खरी काळजी सेटलमेंटची आहे. एका पाईलचा भार थोड्या मातीत पसरून विरतो. सोळांचे पसरलेले ताण एकमेकांवर चढतात आणि खोलवर पोचतात. १० मीटर खोलीवर, म्हणजे लांबीच्या दोन-तृतीयांशावर, ५×५ ची काल्पनिक राफ्ट धरा. ताण १ आडवा, २ उभा असा पसरू द्या. तिच्याखाली ५ मीटरवर ग्रुपचा ताण ४० किलोपास्कल. एकट्या पाईलचा तसाच काढला तर ८. भार सोळापट, पण तो झेलणारं क्षेत्र तिथे जेमतेम सव्वातीनपट.

तुमच्या अहवालात क्लेचा एमव्ही, म्हणजे दबण्याचा गुणांक, किती आहे?

चिखलमाती: ०.३ चौरस मीटर प्रति मेगान्यूटन.

रेवाळे: मग खालच्या १० मीटरचे दोन थर करा. मध्यावर ७१ आणि २६ किलोपास्कल येतात, मिळून साधारण १४५ मिमी. अंतर १ मीटर केलं तर २१५. पद्धत ढोबळ आहे, पण आकडा निम्मा केला तरी ३ मिमीच्या जवळपास जात नाही. टेस्ट तासांत संपते. क्लेमधलं पाणी निघायला वर्षं लागतात. टेस्टने पाईल नीट झाला आहे हे कळतं, टाकी किती खचेल हे नाही.

पाया_पक्का: मग पाईलची लांबी वाढवली तर? अंतर वाढवण्यापेक्षा बरं नाही का?

रेवाळे: हो, तेच करायला हवं. वाळूत दीड-दोन मीटर गेले तर दबणारी क्ले टोकाखाली उरतच नाही. १५ वर का थांबलात?

चिखलमाती: खर्च. आणि २० च्या खाली दोनच बोअर गेले आहेत, वाळूची जाडी नक्की नाही. जागेवर मीटरभर भरावही टाकला आहे.

रेवाळे: वाळूखाली पुन्हा क्ले असेल तर हिशोब परत करावा लागेल, म्हणून आणखी एक खोल बोअर आधी घ्या. भराव कधी टाकला? ताजा असेल तर त्याखाली क्ले स्वतःच खचेल आणि पाईलला खाली ओढेल. ते ओझं २५० मध्ये धरलेलं दिसत नाही.

चिखलमाती: तारीख साइटवरून मागवतो. बोअरचं डिझायनरला आजच कळवतो.