पात्राचा आनंद नेमका कोणता? तुमचे अनुभव लिहा

सईची आई : माझ्या कथेत सरूच्या शेतातल्या बोअरला पाणी लागतं. ‘सरूला खूप आनंद झाला’ इथेच मी अडले आहे. अशा जागी तुम्ही कोणता शब्द घेतलात आणि का, ते सांगा.

कोरा कागद : दिवाळी अंकाकडे आलेल्या कथा मी बरीच वर्षं वाचतोय. मी आधी हे पाहतो, की त्या क्षणापूर्वी पात्राच्या मनात काय होतं. ‘हायसं वाटलं’ला आधी धास्ती लागते. ‘कळी खुलली’ला आधी रुसवा किंवा उतरलेला चेहरा लागतो. ‘अंगावर मूठभर मांस चढलं’ला कुणीतरी केलेलं कौतुक हवं. सरूचे आधीचे दोन बोअर कोरडे गेले असतील आणि हा कर्ज काढून घेतला असेल, तर उडणारी धूळ ओली झाल्यावर तिला हायसं वाटेल. पाण्याचा फवारा उसळला, की ती हरखेल. समाधान मात्र फार नंतरचं. मोटर बसून पाटातून पहिलं पाणी धावेल, तेव्हाचं. हे तिन्ही एका परिच्छेदात कोंबू नका.

भटकी मुक्ता : ‘हर्षभरित’, ‘प्रफुल्लित’, ‘कृतकृत्य’ सरळ काढून टाका. असं कुणीही बोलत नाही.

जुना फळा : सरूच्या बाबतीत पटलं. पण माझ्या कथेतले हेडमास्तर निरोप समारंभात ‘मी कृतकृत्य झालो’ असंच म्हणतात. त्यांच्या तोंडी ‘लई खूश झालो’ घातलं असतं, तर माणूसच बदलला असता.

अनघा_ठाणे : लेकीला शाळेत ‘आनंद’चे समानार्थी शब्द हवेत. हर्ष, मोद, तोष चालतील ना?

कोरा कागद : परीक्षेत चालतील, ताई. इथे कथेचं चाललंय.

रानजाई : आमच्या लेखनगटात एकीच्या कथेची नायिका म्हणते, “मी हुरळून गेलेय.” वाचताना सगळ्याच अडखळलो. हुरळलेल्या माणसाला तेव्हा ते कळत नसतं. पुढे फजिती झाल्यावर तो स्वतः म्हणेल, नाहीतर बघणारा म्हणेल. ‘चेकाळणं’ही तसंच, त्यात सांगणाऱ्याची नापसंती असते.

आणि ‘मनात आनंदाच्या उकळ्या फुटणं’ हे चेहरा सरळ ठेवून करायचं काम! “तुझ्या रानात कुठलं पाणी?” असं हिणवणारी जाऊ बांधावर आली, तर सरूच्या मनात त्या फुटतील. त्या सुखात थोडा खट्याळपणा, थोडा सूडही आहे. तिथे ‘समाधान’ लिहिलंत, तर जावेचं सगळं टोचून बोलणं वाया जाईल.

भटकी मुक्ता : ‘हरखणं’ मला लहान मुलांचं वाटतं. नवा फ्रॉक मिळाल्यासारखं. कर्ज काढणारी बाई हरखेल?

वऱ्हाडी पाहुणा : आमच्याकडे म्हाताऱ्या माणसालाही लेकाच्या लग्नाचा हरिक होतो. वयाचा काय संबंध?

सईची आई : ‘हायसं’ नक्की ठेवते. जाऊ आधीपासून कथेत आहे, तिला फवाऱ्याच्या वेळीच बांधावर आणते. पण मग सरू हरखेल, की जावेसमोर ते दाबून धरेल? लिहिलेलं कुणी वाचून सांगेल का?