पहिल्या केमोनंतर घरी: तापाची रात्र

नर्स, केमो डे-केअर:
ताई, सासूबाईंना घरी नेताना तुम्ही उलट्यांच्या गोळ्यांबद्दल बरेच विचारलेत, तापाबद्दल मात्र काहीच नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ज्यांनी घरी रुग्ण सांभाळला आहे त्यांनीही आपले अनुभव खाली लिहावेत, ही विनंती. मळमळ बहुधा पहिल्या काही दिवसांत ओसरते आणि माणूस सावरल्यासारखा दिसतो; पण त्यानंतरच, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान, पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. त्या इतक्या कमी असतात की संसर्ग झाला तरी पू किंवा सूज दिसेलच असे नाही, आणि पुष्कळदा ताप हीच एक खूण हाती उरते. तोंडात धरलेला थर्मामीटर 100.4 किंवा अधिक दाखवत असेल, अथवा ताप नसतानाही हुडहुडी भरली असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात फोन करून निघा. मोजण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नका. त्याने ताप उतरतो, संसर्ग तसाच राहतो. चहा घेतला असेल तर अर्धा तास थांबून मोजा. आपल्याकडच्या मे महिन्यात "ऊन लागले असेल" म्हणून मोजायचेच राहून जाते, ते होऊ देऊ नका.

मुलगी, वाडी:
आईला दहाव्या दिवशी रात्री कणकण आली. काखेत 99.6 भरला म्हणून आम्ही निश्चिंत झालो होतो, पण तिचे दात वाजू लागले तेव्हा तोंडात मोजला, तो 100.8 निघाला. कॅज्युअल्टीत शिरताच "केमो होऊन दहा दिवस झाले" असे सांगून डिस्चार्ज कार्ड पुढे केले. त्यांनी रक्त तपासणीला घेतले आणि रिपोर्टसाठी न थांबता शिरेतून अँटिबायोटिक सुरू केले. संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, म्हणजे न्यूट्रोफिल, फक्त 300 निघाल्या.

निवृत्त औषधविक्रेते, महाल:
पांढऱ्या पेशींचा काउंट वाढवण्याच्या इंजेक्शननेही अंग दुखते व ताप येतो, त्यामुळे प्रत्येक वेळी धावपळ करण्याची गरज नसावी.

जावई, मुक्काम नागपूर, मूळचे गोंदियाचे:
आमच्या सासऱ्यांचे रेडिएशन सुरू आहे आणि तोंड आले आहे. त्यांना संत्री द्यावीत का?

नर्स, केमो डे-केअर:
काका, त्या इंजेक्शनने हाडे दुखतात आणि काहींना तापही येतो, हे खरे आहे. परंतु तो इंजेक्शनचा की संसर्गाचा, हे घरी बसून ओळखता येत नाही, म्हणून निघावेच लागते. जावईबापू, तोंड आले असताना संत्रे झोंबेल, ते तूर्त नको. केमोच्या रुग्णांना मात्र आम्ही धुऊन, घरीच सोललेले संत्रे देऊ देतो. गाड्यावरचा रस नाही.

मुलगी, वाडी:
आमच्या डॉक्टरांनी काउंट वर येईपर्यंत कच्ची फळे पूर्ण बंद ठेवली होती.

नर्स, केमो डे-केअर:
याबाबत डॉक्टरांमध्येच मतभेद आहेत, तेव्हा ताई, तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. तापाच्या बाबतीत मात्र असा मतभेद नाही.