मदत हवी आहे: झीज कलमाखाली क्लेम नाकारतोय, पत्र उर्मट वाटू नये म्हणून काय लिहू?

क्लेमडेस्क_कोल्हापूर
इचलकरंजीचा यंत्रमागवाला, जुना ग्राहक. मशिनरी ब्रेकडाऊन पॉलिसी आहे, सर्वेअरने झीज म्हटलंय. माझा मसुदा असा: "सदर नुकसान सामान्य झिजेमुळे झाले असून ते पॉलिसीच्या अपवादात मोडते, सबब आपला दावा नामंजूर करण्यात येत आहे." साहेब म्हणतात, अंगावर खेकसल्यासारखं वाटतंय. उद्या पत्र जायचंय. दोन ओळी सुचवा.

शब्दप्रभू
सुरुवातीला "आपणांस कळविण्यास अत्यंत खेद होतो" आणि शेवटी "आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत" घाला. बाकी मजकूर ठीक आहे.

माग_माझा
खेद नको, पैसे द्या. तुमच्या लोकांना दर वेळी झीजच दिसते. नवं मशीन मोडलं तर म्हणता कारखान्याकडून वॉरंटी घ्या, जुनं मोडलं तर झीज. मग हप्ता कशाचा भरतो आम्ही?

निवृत्त_सर्वेअर
मशीन कोणतं? नक्की काय मोडलं? हे कळल्याशिवाय शब्द सुचवण्यात अर्थ नाही.

क्लेमडेस्क_कोल्हापूर
एअरजेट मागांचा 75 एचपी स्क्रू कॉम्प्रेसर. एअरएंडचं बेअरिंग गेलं, दोन्ही रोटर एकमेकांना घासून जाम झाले, मोटरचं वाइंडिंग जळालं. पण मी शब्द विचारतोय, तपास झालाय.

निवृत्त_सर्वेअर
झीज कशावरून ठरवली? आणि नामंजूर नक्की काय, बेअरिंग की सगळं बिल?

क्लेमडेस्क_कोल्हापूर
मशीन 31,000 तास चाललंय, मॅन्युअलमध्ये 24,000 ला बेअरिंग बदला असं आहे. बदलल्याची नोंद नाही. फिरत्या रिंगवर पूर्ण फेरा खवले निघालेत, फोटो आहेत. सगळंच बिल नामंजूर.

निवृत्त_सर्वेअर
मग अडचण भाषेची नाही. बेअरिंग झिजलं हे फोटोत दिसतं, ते नामंजूर करा. पण रोटर झिजले नव्हते, ते एका क्षणात घासले. वाइंडिंगही तसंच. झिजलेला भाग वगळायचा आणि त्यामुळे अचानक झालेलं पुढचं नुकसान द्यायचं, असं बऱ्याच पॉलिसींच्या शब्दांतून निघतं. काहींत नाही निघत. तुमच्या पॉलिसीतलं ते वाक्य शेवटपर्यंत वाचा आणि सर्वेअरकडून रोटरचं कारण वेगळं लेखी घ्या.

दावा_दक्ष
असहमत. 24,000 ला बदलायचं बेअरिंग 31,000 पर्यंत चालवलं, म्हणजे वाजवी काळजी घेण्याची अट मोडली. सगळं बिल जातं.

निवृत्त_सर्वेअर
ते वेगळं कारण झालं. टिकेल असं वाटत असेल तर आत्ताच पत्रात लिहा. नकारपत्रात नसलेलं कारण विमा कंपनीला नंतर पुढे करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सौराष्ट्र केमिकल्सच्या निकालात तेच म्हटलंय. आणि नुकसान अपवादात बसतं हे सिद्ध करायची जबाबदारीही कंपनीचीच.

आईचा_क्लेम
माझ्या आईचा मोतीबिंदूचा मेडिक्लेम "नैसर्गिक झीज" म्हणून नाकारला तर चालतं का?

दावा_दक्ष
ताई, वेगळा धागा काढा.

निवृत्त_सर्वेअर
आता शब्द. आधी काय दिसलं ते सांगा, कलम नंतर, निर्णय शेवटी. बेअरिंगपुरतं असं:

"कॉम्प्रेसर उघडल्यावर सर्वेक्षकांना बेअरिंगच्या फिरत्या रिंगवर पूर्ण फेरा खवले निघालेले आढळले (फोटो 3 व 4). एका जागी बसलेला ठसा किंवा तडा, म्हणजे अचानक आघाताची खूण, आढळली नाही. मशीन 31,000 तास चालले असून निर्मात्याने 24,000 तासांवर बेअरिंग बदलण्यास सांगितले आहे. त्यामुळे बेअरिंगचा खर्च सोबत जोडलेल्या कलमाखाली देता येत नाही. बेअरिंग बदलल्याचे बिल किंवा सर्व्हिस रिपोर्ट आपल्याकडे असल्यास पाठवावा, त्याच्या आधारे आम्ही पुन्हा पाहू."

"आपल्या निष्काळजीपणामुळे" कुठेही येऊ देऊ नका. तास आणि फोटो बोलतात.

दावा_दक्ष
"पुन्हा पाहू" लिहिलंत की फाइल कधीच बंद होणार नाही. मुदत घाला.

माग_माझा
मुदत घाला, पण फोटो खरंच जोडा. मला कधीच कुणी फोटो दाखवले नाहीत, नुसतं कलम. आणि पुढे दाद कुठे मागायची तेही लिहा.

निवृत्त_सर्वेअर
तक्रार कक्षाचा पत्ता हवाच. विमा लोकपालाचं मात्र मालकी बघून लिहा. व्यापारी पॉलिसीत एकल मालकी किंवा सूक्ष्म उद्योग असेल तरच ती वाट खुली, तीही 50 लाखांपर्यंत. उद्यम नोंदणी मागवा. मुदतीबद्दल तुमच्या कंपनीचं धोरण बघा, मी स्वतः कधी घातली नाही.

क्लेमडेस्क_कोल्हापूर
पत्र उद्या जात नाही. पॉलिसीतलं वाक्य "थेट परिणाम" असं आहे, त्यामुळे रोटर आत की बाहेर हे साहेबांना आणि मला दोघांनाही सांगता येईना. सर्वेअरला मेल टाकलाय.

शब्दप्रभू
"खेद" तरी ठेवा हो.