'मोमेंट' म्हणजे क्षण? आणि 'लाइकलीहुड'ला काय म्हणावं?

वाचनवेडी: पुण्यातल्या बी.एस्सी.च्या मुलांसाठी संख्याशास्त्राच्या नोट्स मराठीत आणतेय. 'मेथड ऑफ मोमेंट्स'ला 'क्षणपद्धत' लिहिलं, तर मैत्रिणीने लाल रेघ मारली. 'मॅक्झिमम लाइकलीहुड'ला 'महत्तम संभाव्यता' चालेल ना?

कोथरूडकर: क्षणाचा इथे काही संबंध नाही. दार बिजागरीजवळ ढकललं तर हलत नाही, कडेला बोट लावलं की उघडतं. बल गुणिले अंतर, ते परिबल. निरूढी परिबलातला शब्द हाच. कार्ल पिअर्सनने 1894 मध्ये ही कल्पना वितरणं बसवायला वापरली. नमुन्याचं परिबल आणि वितरणाचं परिबल सारखं मांडायचं, म्हणून 'परिबल पद्धत'. पहिलं परिबल म्हणजे साधी सरासरी.

'संभाव्यता' मात्र नको. समजा बस बरोबर दर θ मिनिटांनी येते आणि मी स्टॉपवर कधीही पोचतो. माझं थांबणं 0 ते θ मध्ये सारखं विखुरलेलं. पाच दिवस थांबलो: 1, 2, 3, 4, 15 मिनिटं. सरासरी 5, वितरणाची सरासरी θ/2, म्हणून परिबल पद्धतीचं उत्तर 10. पण मी तर 15 मिनिटं थांबलोय!

लाइकलीहुड म्हणजे एखादा θ धरला तर हेच आकडे मिळणं कितपत जुळतं त्याचं माप. इथे ते 1/θ⁵, तेही θ 15 किंवा जास्त असेल तरच, खाली शून्य. θ वाढला की ते घटतं, म्हणून उत्तर 15. पण हे आकडे सगळ्या θ वर मिळून 1 होत नाहीत. θ ची संभाव्यता ती नव्हेच. हा भेद फिशरने आग्रहाने मांडला होता.

आकडेप्रेमी: म्हणजे लाइकलीहुडचं उत्तर नेहमी बरोबर.

कोथरूडकर: अर्धं खरं. खरा θ 15 पेक्षा कमी असूच शकत नाही, म्हणजे हे उत्तर नेहमी कमीकडे झुकतं. निरीक्षणं n असतील तर (n+1)/n ने गुणा: इथे 18. हा सुधारलेला आकलक सरासरीच्या दुपटीपेक्षा खूप कमी हेलकावतो. पाच निरीक्षणांना व्हेरियन्स θ²/35, दुपटीचा θ²/15.

पाऊसमाप्या: माझं वेगळंच. गच्चीवरच्या पर्जन्यमापकाच्या रोजच्या नोंदींवर गॅमा वितरण बसवतोय. सरासरीचा वर्ग भागिले व्हेरियन्स, आकार झटकन मिळाला. लाइकलीहुडने मात्र प्रोग्राम अडकला.

कोथरूडकर: कोरड्या दिवसांचे शून्य आहेत ना त्यात? गॅमाच्या लाइकलीहुडला निरीक्षणांचे लॉग लागतात, शून्याचा लॉग नाही. परिबल पद्धतीने तक्रार केली नाही, पण गॅमा शून्याला जागाच देत नाही, तेव्हा तेही उत्तर विश्वासाचं नाही. कोरडे दिवस वेगळे मोजा, ओल्यांवर गॅमा बसवा. तरी लाइकलीहुडला नेमकं सूत्र नाही, फेऱ्या मारत उत्तर शोधावं लागतं. सुरुवातीचा आकडा म्हणून परिबलाचं उत्तर द्या.

वाचनवेडी: 'परिबल पद्धत' पक्की. लाइकलीहुडला 'शक्यता' कसं वाटतं?

आकडेप्रेमी: बोलताना लोक शक्यता आणि संभाव्यता एकच मानतात.

कोथरूडकर: तीच अडचण. चांगला शब्द सापडेपर्यंत मी 'लाइकलीहुड'च लिहितो.