उत्तर: वॉर्डातला आरडाओरडा अहवालात कसा लिहावा

"पेशंटचा भाऊ सिस्टरच्या अंगावर ओरडला, हात उगारला. 'धमकावले' लिहू की 'वाद झाला'?"

दोन्ही नको. 'वाद झाला' म्हटलं की सिस्टरही भांडत होत्या असं वाटतं आणि 'धमकावले' हा तुमचा निष्कर्ष आहे. काय दिसलं, काय ऐकू आलं तेवढंच लिहा. उदाहरणार्थ:

"रात्री ९.४० च्या सुमारास नातेवाईक काउंटरच्या आत आले. सिस्टरपासून अंदाजे दोन फुटांवर उभे राहून उजवा हात खांद्याच्या वर उगारला, पंजा उघडा होता. त्याच वेळी म्हणाले, 'आता बघतोच तुला.' हात लागला नाही. सिस्टर मागे सरकल्या. आवाज कॉरिडॉरच्या टोकाला वॉर्डबॉयला ऐकू गेला."

'खूप मोठ्याने' म्हणण्यापेक्षा आवाज कुठवर पोचला ते सांगा. शिवी असेल तर जशीच्या तशी अवतरणात. 'अर्वाच्य भाषा' लिहिलं तर नेमकं काय बोलले ते कळतच नाही.

शब्द आणि हावभाव एकत्र, घडले त्याच क्रमाने लिहा. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३० नुसार नुसते शब्द हमला ठरत नाहीत, पण शब्दांमुळे हावभावाला तसा अर्थ येऊ शकतो. दोन्ही वेगळ्या परिच्छेदांत गेले की हा दुवा तुटतो.

आणि कृपया 'हात लागला नाही' हे वाक्य गाळू नका. ते गाळलं तर हात लागला असं वाटेल, आणि सीसीटीव्हीत उलटं दिसलं तर बाकीच्या खऱ्या ओळींवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. 'दारू प्यायले होते' ऐवजी 'तोंडाला दारूचा वास येत होता', तोही तुम्हाला स्वतःला आला असेल तरच.