‘गेले’ म्हटलं, आणि काकांनी श्वास घेतला

पोस्टिंगवाली
नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या पहिल्या मृत्यूची रात्र गोष्टीच्या रूपात लिहिली आहे, माणसं ओळखू येणार नाहीत इतकं बदलून. विचारायचंय एवढंच: जुईने ‘गेले’ म्हणायला नको होतं का? ती तेव्हा काय बोलायला हवी होती?

रात्रीचे दोन वाजून गेले होते. काकांना आता कृत्रिम श्वास वगैरे काही द्यायचं नाही, हे घरच्यांशी बोलून आधीच ठरलं होतं. मॉनिटर संध्याकाळीच काढून नेला होता. उशाशी काकू, पायथ्याशी जुई.

“मी पलीकडच्या खोलीत आहे. काही वाटलं तर बेल वाजव,” म्हणून सिस्टर गेल्या.

काकांचा श्वास भरतीसारखा चढायचा, खोल व्हायचा, मग उतरत उतरत नाहीसा व्हायचा. घशात घरघर. जुईने चादर नीट करताना गुडघे पाहिले. त्यांवर जांभळट जाळी उमटली होती. पावलं गार.

श्वास थांबला. जुई मनात आकडे मोजू लागली. दहा. वीस. काकूंनी वर पाहिलं. तीस. पस्तीस.

“थांबलं का गं?”

चाळीस. “हो काकू. काका गेले.”

काकूंनी त्यांच्या छातीवर कपाळ टेकलं, आणि ती छाती कपाळासकट वर आली.

“अगं आहेत! आहेत हे! बोलव ना डॉक्टरांना!”

जुईला बेल आठवलीच नाही, ती धावत सुटली. सिस्टर आल्या त्या आधी खाली बसल्या, काकूंच्या उंचीला. “काकू, श्वास असा थांबून परत येतो. आता मधलं अंतर वाढत जाईल. ते जायलाच निघालेत. तुम्ही हात सोडू नका.”

आणखी अकरा मिनिटं लागली. मग डॉक्टर आले, छातीवर स्टेथोस्कोप ठेवून बराच वेळ ऐकत राहिले, डोळ्यांत टॉर्च मारला, घड्याळ पाहिलं.

काकूंनी डॉक्टरांना काही विचारलं नाही. त्या जुईकडे वळल्या. “आता नक्की ना?”

वामन
चुकलंच. गोड बोलून उपयोग नाही. मृत्यू झाला की नाही हे ठरवणं विद्यार्थिनीचं काम नाही. श्वास थांबल्यावरही हृदय काही मिनिटं चालू असू शकतं, म्हणून तर डॉक्टर एवढा वेळ ऐकत राहतात. कित्येक ठिकाणी किमान ५ मिनिटं सलग पाहायचा नियम असतो. चाळीस आकडे मोजून निकाल द्यायचा नसतो. बेल वाजवायची आणि गप्प बसायचं.

मीनल
गप्प बसायचं? वामन, तुमच्या घरात असं कोणी गेलंय का?

माझी आई गेली तेव्हा खोलीत एक मुलगी उभी होती, अशीच शिकाऊ. तिला कळलं होतं. मला नाही. मी वीस मिनिटं आईशी बोलत होते, तिचे केस विंचरत होते, आणि ती मुलगी ड्रिपच्या नळीकडे बघत उभी होती. डॉक्टर आले तेव्हा कळलं. बोलल्याचं दुःख नाही मला. पण मी एकटीच वेड्यासारखी बोलत होते आणि खोलीतल्या दुसऱ्या माणसाला ते माहीत होतं, हे अजून जात नाही. जुई निदान खरं बोलली.

वामन
खरं नाही बोलली. काका जिवंत होते. तोच तर मुद्दा आहे.

संजीव
मला वेगळंच दिसतंय. घशात घरघर चाललीय म्हणजे कफ अडकलाय. सक्शन का केलं नाही? ऑक्सिजनचा, सलाईनचा उल्लेखही नाही. माणूस तहानेला, गुदमरलेला पडलाय आणि या दोघी आकडे मोजतायत. यावर कोणी बोलत नाही.

रातपाळी
बावीस वर्षं वॉर्डात काढली, म्हणून जरा लांब लिहिते.

संजीव, ऐकणाऱ्याला ती घरघर गुदमरल्यासारखीच वाटते, तुमची चूक नाही. पण गुंगीतला माणूस गिळत नाही, खोकत नाही, त्यामुळे रोजची थोडीशी लाळ आणि स्राव घशात खोलवर साठतात आणि हवा त्यातून ये-जा करते. सक्शनची नळी बहुतेक वेळा तिथवर पोहोचतच नाही. पोहोचवायला गेलात तर माणूस उबळून उठतो, कधी रक्त येतं, आणि तासाभरात आवाज परत तोच. त्याला एका कुशीवर वळवलं, डोकं थोडं उंच केलं की पुष्कळदा आवाज निम्म्यावर येतो. इंजेक्शनं असतात, पण ती नवीन स्राव कमी करतात. साठलेला तिथेच राहतो. म्हणून द्यायची तर लवकर. सलाईन या टप्प्यावर बऱ्याचदा घरघर आणि सूज वाढवतं. तोंड मात्र कोरडं पडतं. ओल्या स्पंजने ओठ आणि जीभ पुसत राहायचं, आणि ते काकूंच्या हाती द्यायचं. त्यांना काहीतरी करायला मिळतं. गोष्टीत हे कोणी केलेलं दिसत नाही, तेवढी तुमची तक्रार मला मान्य.

आता जुई. चढतो, उतरतो, थांबतो, असा श्वास १८१८ साली एका डॉक्टरने आणि १८५४ साली दुसऱ्याने लिहून ठेवला. आजही त्याला दोघांच्या नावाने चेन-स्टोक्स म्हणतात. मेंदूचं श्वासावरचं नियंत्रण मंदावतं, त्यामुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड बराच साठल्याशिवाय पुढचा श्वास घ्यायची आज्ञा सुटत नाही. तो साठेपर्यंतचा वेळ म्हणजे तो थांबा. चाळीस सेकंदांचा थांबा मी कितीदा पाहिलाय. त्यानंतरही अगदी शेवटी, मिनिटभर काही नाही आणि मग जबडा हलून एक-दोन श्वास, असं होतं. पहिल्या रात्री हे कुठल्याही मुलीला ओळखता येणार नाही.

माझ्या मते चूक दोन वाजता झालीच नाही, ती संध्याकाळी झाली. मॉनिटर काढला तेव्हाच कोणीतरी खाली बसून काकूंना सांगायला हवं होतं: “आता श्वास मध्येमध्ये थांबेल. थांबला म्हणजे संपलं असं नाही. परत येईल, आणि एकदा येणार नाही. तेव्हा आम्ही इथे असू.” सिस्टर हे बोलल्या, पण ‘गेले’ नंतर. तेच शब्द आधी बोलल्या असत्या तर जुईवर ही वेळ आली नसती. आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलीला त्या खोलीत एकटी ठेवणं, त्याचं काय? पण रात्री माणसं किती असतात ते मलाही माहीत आहे. जाऊ दे.

शब्दखूण
वाचक म्हणून एक. सिस्टरचं वाक्य फार नेटकं आहे, छापल्यासारखं. धावपळीत कोणी असं बोलत नाही. “आता नक्की ना?” वर थांबवणं मात्र बरोबर.

रातपाळी
बोलतात हो. आम्ही तेच वाक्य शंभर वेळा बोललेलो असतो. म्हणून तर ते नेटकं येतं.

पोस्टिंगवाली
सिस्टर अगदी असंच बोलल्या होत्या. मी वहीत उतरवून ठेवलंय.

पण माझा प्रश्न राहिलाच. काकूंनी सरळ विचारलं, “थांबलं का?” तेव्हा काय?

वामन
“मी सिस्टरना बोलावते.” चार शब्द लागतील फार तर.

मीनल
आणि त्या येईपर्यंत? ते ऐकून काकू काय समजणार होत्या?

रातपाळी
वामनच्या उत्तरात थोडी भर घालते. आधी जे दिसतंय तेवढंच म्हण: “हो, श्वास थांबलाय. परत येऊ शकतो. आपण बघू.” हे खोटं नाही, आणि निकालही नाही. मग जागेवरूनच बेल, धावायचं नाही. धावणारी नर्स पाहिली की घरच्यांना वाटतं अजून काहीतरी करता येण्यासारखं आहे. मग काकूंच्या शेजारी बस. हात पेशंटच्या मनगटावर ठेवलास तर बघ, पण नाडी लागत नाही म्हणून काही ठरवू नकोस. या वेळी ती मनगटात आधीच हरवलेली असते.

आणि ‘गेले’ हा शब्द टाकून देऊ नकोस. डॉक्टरांनी तपासल्यावर तोच म्हणायचा. “आता त्रास संपला”, “शांत झोपलेत” असलं काही म्हणालीस तर एखादी बाई विचारते, उठतील कधी? माझ्यासमोर विचारलंय.

संजीव
पण त्यांना ऐकू येत असतं ना शेवटपर्यंत? मग काकांनीही ते ‘गेले’ ऐकलं असेल.

रातपाळी
शेवटपर्यंत ऐकू येतं असं आम्ही सर्रास सांगतो. २०२० साली कॅनडातल्या संशोधकांनी अशा निपचित पेशंटांच्या मेंदूच्या लहरी मोजल्या, तेव्हा काहींचा मेंदू आवाजातले बदल टिपत होता. शब्द समजत होते का, हे त्यावरून सांगता येत नाही. मी घरच्यांना म्हणते, ऐकू येतंय असं धरून बोला. मीनल, तुमची वीस मिनिटं फुकट गेली असं मी तरी म्हणणार नाही. पण त्या मुलीने सांगायला हवं होतं, हेही खरं.

वामन
म्हणजे अर्थ तोच. निकाल तिने द्यायचा नव्हता.

मीनल
नव्हता. पण गप्पही बसायचं नव्हतं. यावर आपलं जमणार नाही, वामन.

शब्दखूण
पोस्टिंगवाली, त्यानंतर काय झालं? “नक्की ना?” ला काय उत्तर दिलंस?

पोस्टिंगवाली
हो म्हटलं. आवाज फुटला नाही, मान हलवली.

तासाभराने सिस्टर आणि मी काकांना पुसायला घेतलं. डोळ्यांच्या पापण्या थोडा वेळ धरून ठेवल्या, हनुवटीखाली टॉवेलची गुंडाळी लावली, कवळी बसवली. नंतर जबडा ताठरला की ती बसत नाही, म्हणून आधी. काकू दाराशी उभ्या राहिल्या, बाहेर जायला तयार नव्हत्या. कुशीवर वळवायच्या आधी सिस्टरने माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं. मी काकूंना म्हटलं, “आता वळवताना आवाज येईल. छातीत राहिलेली हवा असते. श्वास नाही.”

आला. उसासा सोडल्यासारखा. काकूंनी दाराची चौकट धरली, पण हाक मारली नाही.

मीनल
तुझ्याशी काही बोलल्या का जाताना?

पोस्टिंगवाली
नाही. काकांचा चष्मा उशीखाली राहिला होता, तो मी पुसून दिला. घेतला, आणि स्वतःच्या डोळ्यांवर लावून बघितला. त्यांना त्यातून काही दिसत नसणार.