आधी-नंतरचा फोटो नाही, कॅलेंडरचं पान: हे कॅप्शन खरं वाटतं का?

तिसऱ्या_गेटची (टिळकवाडी): १४ महिन्यांत माझं वजन ७८ वरून ७१ किलोवर आलंय. शेजारणी सारख्या विचारतात, म्हणून एकदाच स्टेटसला लिहून टाकावं म्हणते. आधीचा-नंतरचा फोटो नको. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या पानाचा फोटो लावणार आणि खाली हे: ‘काही सोडलं नाही, काही जिंकलं नाही. चहातला एक चमचा, फोडणीतली एक पळी आणि व्हॅक्सिन डेपोवर रोज अर्धा तास चालणं. बाकी सगळं वेळेचं काम.’ कसं वाटतं? आकडा घालू का नको?

शहापूरचा_माग: फोटो लाव की! माझ्या मामेभावानं जुनी पँट घालून कमरेत दोन मुठी घातल्या आणि फोटो टाकला. तो बघून आमच्या गल्लीतले चौघे पहाटे उठायला लागले. तुझं कॅलेंडर बघून कोण उठणार? दुधाचा हिशेब वाटेल तो.

माजी_सिस्टर: चौघे उठले हे चांगलंच. पण किती दिवस उठले, तेही सांगा. तालुक्याच्या दवाखान्यात नोकरी झाली माझी, असे फोटो घेऊन येणारे पुष्कळ बघितले. पोट सोडून एक आणि श्वास ओढून एक, असे दोन फोटो एकाच सकाळी निघतात. म्हणून फोटो नको, हे मला पटलं. मला खटकलं ते दुसरंच. ‘काही सोडलं नाही’ हे खोटं आहे, बाई. चमचा सोडलास, पळी सोडलीस. साधेपणाचीही एक फुशारकी असते. साखर-तेल आधी किती होतं आणि आता किती आहे, ते सांग. मग बोलू.

निपाणीकर: चहा-बिहा सोडा. भात बंद करून जोंधळ्याची भाकरी धरली असणार, खरं कारण तेच. भाकरीनं वजन वाढत नाही. कॅप्शनमध्ये भाकरी पाहिजे.

माजी_सिस्टर: अर्धं बरोबर आहे, निपाणीकर. शंभर ग्रॅम कोरडे तांदूळ घ्या की शंभर ग्रॅम जोंधळ्याचं पीठ, उष्मांक जवळपास सारखेच. फरक पडतो तो बसून खाण्यात. भाकरी चावावी लागते, दोन झाल्या की हात थांबतो. भात आमटीबरोबर कधी तिसऱ्यांदा वाढून घेतला ते कळतही नाही. पण चार भाकऱ्या आणि वर शेंगदाण्याची चटणी तेल घालून खाल्ली, तर भाकरी काय करणार?

कॅम्पातला: ताई, डाएट चार्ट पाठवता का? आणि कुंदा चालतो का त्यात?

तिसऱ्या_गेटची: चार्ट नाही हो. कुंदा पाहुणे आले की खाते. सिस्टर, हे घ्या. चहा दिवसाला चार कप, दोन-दोन चमचे साखर होती, आता एक-एक. घरात चौघं. पूर्वी पाच लिटरचा तेलाचा डबा महिन्यात संपायचा. आता डबा फोडला की त्याच्यावर तारीख लिहिते आणि महिनाअखेर दीड लिटर उरतं. सासूबाईंना भाजीत फरक कळला नाही, भज्यांत कळला. चालले त्या दिवशी कॅलेंडरवर खूण. फेब्रुवारीत २४ खुणा, जुलैत ९. तो पाऊस आणि तो चिखल तुम्हाला माहीतच आहे. वजन फक्त रविवारी, सकाळी चहाच्या आधी.

माजी_सिस्टर: आता कसं! दीड लिटर चौघांत, तीस दिवसांत वाटलं तर माणशी रोज साडेबारा मिलिलिटर होतं. म्हणजे शंभराच्या थोडे वर उष्मांक. साखरेचे चार चमचे म्हणजे साधारण ऐंशी, चमचा किती भरून घेतेस त्यावर. दोन्ही मिळून दिवसाला १८० धर. एवढ्यावर कागदावर महिन्याला पाऊण किलोच्या आसपास घट यायला पाहिजे, तुझी आली अर्धा किलो. हिशेब चुकला असं नाही. वजन उतरलं की शरीराचा खर्चही उतरतो, आणि लग्नाघरच्या पंगती कुणी कॅलेंडरवर मांडत नाही.

जुलैच्या ९ खुणा झाकू नकोस. तेच पान फोटोत घाल.

शहापूरचा_माग: म्हणजे चालणं फुकटच गेलं म्हणायचं? मी मागावर दिवसभर उभा असतो, तरी पोट आहेच.

माजी_सिस्टर: फुकट नाही. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तरी साखर कमी चढते. पण अर्ध्या तासात जेवढं खर्च होतं, तेवढं एका भज्याच्या बशीत परत येतं. उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे, तुमचे पाय मात्र दुखत असणार.

तिसऱ्या_गेटची: गणपतीत चार दिवसांत १.४ किलो वाढलं होतं. मी रडायचीच बाकी होते. पुढच्या रविवारपर्यंत आपोआप गेलं. ते काय होतं?

माजी_सिस्टर: बरंचसं पाणी. एवढी चरबी चार दिवसांत चढवायची तर नेहमीच्या जेवणावर आणखी दहा हजार उष्मांक पोटात जायला हवेत. मोदकांवर प्रेम असलं तरी जमत नाही. मीठ आणि पिठूळ-गोड जास्त झालं की अंगात पाणी धरतं. म्हणून एका रविवारचा आकडा बघायचा नाही, चार रविवारांची सरासरी बघायची.

खानापूरची_वैनी: आकडा घालू नकोस, असं माझं मत. माझी जाऊ सहा महिन्यांत आठ किलोनं उतरली. हळदीकुंकवाला सगळ्या म्हणाल्या, ‘काय गं, काय करूलालीस, आम्हाला सांग की!’ ती काहीच करत नव्हती. रात्री चारदा उठायची, तहान भागायची नाही. तपासलं तर साखर तीनशेच्या वर. आम्ही कौतुक करत होतो आणि ती आतून वाळत होती.

माजी_सिस्टर: हे फार महत्त्वाचं बोललात. न ठरवता वजन उतरलं तर आधी रक्त तपासायचं. खोकला लांबला असेल तर थुंकीही.

तिसऱ्या_गेटची: मग मलाही एक सांगायलाच हवं. तिसऱ्या महिन्यापासून मेटफॉर्मिन, साखरेची गोळी, चालू आहे. ते लिहू का? माझ्या मिस्टरांना नकोय.

निपाणीकर: अजिबात नको. औषध म्हणजे घरातली गोष्ट. उद्या ‘गोळीनंच बारीक झाली’ म्हणतील.

माजी_सिस्टर: मला वाटतं लिहावं. काहींना त्या गोळीनं भूक थोडी कमी लागते, एखाद-दोन किलो उतरतात. सातातले किती तिचे आणि किती चमच्याचे, हे आता कुणीच वेगळं करू शकत नाही. नाही लिहिलंस तर शेजारीण नुसता चमचा कमी करेल, सात किलो गेले नाहीत की स्वतःला दोष देईल. दुसरं, ज्यांना ग्लिमेपिराईड किंवा इन्सुलिन चालू आहे, त्यांनी कुणाचं बघून जेवण कमी केलं तर साखर खाली जाऊन घाम फुटतो, हातपाय कापतात. त्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं.

खानापूरची_वैनी: सिस्टर, पटतंय. पण सून काय गोळी घेते ते गल्लीला कळलं की काय होतं, ते तुम्हाला माहीत नाही असं नाही.

तिसऱ्या_गेटची: बदलून लिहिलं, बघा:

‘हे जुलैचं पान. ९ खुणा. फेब्रुवारीचं पान जास्त देखणं आहे, पण हे खरं आहे. १४ महिन्यांत चहातले रोजचे चार चमचे कमी झाले, घरातलं दीड लिटर तेल दर महिन्याला उरायला लागलं. त्यात डॉक्टरांची मदत होती. गणपतीत वजन वाढलं, तेही लिहून ठेवलंय. चार्ट मागू नका, नाही माझ्याकडे.’

आकडा काढला. गोळीऐवजी ‘डॉक्टरांची मदत’ म्हटलं, एवढ्यावर घरात तह झालाय.

माजी_सिस्टर: ‘मदत’ म्हणजे कुणाला सल्ला वाटेल, कुणाला ऑपरेशन. मी असते तर गोळीच लिहिली असती. पण घर तुझं आहे.

शहापूरचा_माग: आकडा काढल्यावर आता तुझं वजन उतरलं हे कळणार कशावरून? निदान ‘ब्लाऊज दोनदा आत घेतला’ एवढं तरी घाल.

तिसऱ्या_गेटची: तीनदा घेतलाय. पण ते शिंप्याला सांगितलंय, तुम्हाला नाही.

कॅम्पातला: कुंद्याचं कुणी सांगितलंच नाही.